वादळ चार वेळा आले, मनोरा पडला आगीने

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील अॅकॅडेमिक वाचन परीक्षेची तयारी मी सुरू केली, तेव्हा परिच्छेदांना शीर्षके जुळवण्याचा प्रश्न हा हमखास गुणांचा प्रश्न आहे, असा माझा समज होता. तीन उतारे, 40 प्रश्न आणि 60 मिनिटे अशी ती परीक्षा असते आणि कागदावर देताना उत्तरपत्रिकेत उत्तरे उतरवण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. शीर्षकांच्या प्रश्नात काही लिहायचे नसते, स्पेलिंग चुकण्याची भीती नसते आणि उत्तर समोरच्या यादीतच असते. रोमन अंक घातलेल्या शीर्षकांची ती यादी उताऱ्याच्या आधी छापलेली असते आणि तीत परिच्छेदांपेक्षा जास्त शीर्षके असतात, म्हणजे काही शेवटपर्यंत कोणाच्याच वाट्याला येत नाहीत.

सरावाच्या पहिल्या चार परीक्षांत मला 26 ते 28 च्या दरम्यान गुण मिळाले. ढोबळमानाने 40 पैकी 30 उत्तरे बरोबर आली, तर वाचनात 7 बँड मिळतो आणि मला तेवढा हवा होता. कोठे कमी पडते हे पाहण्यासाठी मी चुकलेल्या उत्तरांची प्रश्नप्रकारानुसार वही केली, तेव्हा लक्षात आले की रिकाम्या जागा आणि ‘खरे, खोटे की उल्लेख नाही’ या प्रकारांत माझी एखाद-दुसरी चूक होत होती. शीर्षकांत मात्र सहापैकी दोन, सातपैकी तीन, सहापैकी पुन्हा दोन अशी गत होती. हमखास गुणांच्या प्रश्नातच मी प्रत्येक वेळी तीन-चार गुण गमावत होते.

माझी तेव्हाची पद्धत अशी होती. आधी शीर्षकांची यादी वाचायची, प्रत्येकातील महत्त्वाचा शब्द अधोरेखित करायचा आणि मग परिच्छेदांवरून नजर फिरवत तो शब्द किंवा त्याचा नातलग शब्द कोठे दिसतो, हे शोधायचे. शब्द जेथे जास्त वेळा दिसेल, तेथे शीर्षक चिकटवायचे. ‘कीवर्ड शोधा’ हा सल्ला मी इतक्या ठिकाणी ऐकला होता की त्यात काही खोट असेल, असे मनातही आले नव्हते. तो सल्ला पूर्णपणे चुकीचाही नाही. रिकाम्या जागा भरताना उत्तर कोठे दडले आहे, हे शोधायला तो चांगलाच उपयोगी पडतो, कारण तेथे आपल्याला एक ठिकाण हवे असते. शीर्षकाच्या प्रश्नात ठिकाण आधीच दिलेले असते. परिच्छेद समोर उभा असतो आणि तो काय करतो आहे, एवढेच सांगायचे असते. हा फरक मला एका उताऱ्याने दाखवला आणि तो उतारा अजून जवळजवळ पाठ असल्यामुळे त्याच्याविषयीच सविस्तर लिहिते.

उतारा होता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या एडिस्टोन खडकांवरील दीपगृहांचा. ए ते एफ असे सहा परिच्छेद होते आणि नऊ शीर्षके होती. मूळ मजकूर अर्थातच इंग्रजीत होता. येथे तो माझ्या शब्दांत देते. शीर्षके साधारण अशी होती: ‘काम जवळजवळ अशक्य करणारी जागा’, ‘खर्च भरून काढण्याची व्यवस्था’, ‘वादळाने केलेला विनाश’, ‘एका धोक्यावर मात, दुसऱ्याकडे दुर्लक्ष’, ‘लाटांना तोंड देणारी रचना’, ‘योग्य दगडाची निवड’, ‘इमारतीबाहेर पोहोचलेला परिणाम’, ‘दोष मनोऱ्याचा नव्हता’ आणि ‘रखवालदारांचे एकाकी जीवन’.

पहिले दोन परिच्छेद सरळ होते. ए मध्ये भरतीच्या वेळी खडक पाण्याखाली जातो, कामगारांना दिवसातून मोजकेच तास मिळतात, बोट लावणेही कठीण जाते, असे वर्णन होते. बी मध्ये जवळून जाणाऱ्या जहाजांकडून टनामागे एक पेनी कर घेऊन दीपगृहाचा खर्च वसूल करण्याची परवानगी कशी मिळाली, ते सांगितले होते. दोन्ही उत्तरे बरोबर आली आणि त्यामुळे माझा आत्मविश्वास नको तितका वाढला.

सी परिच्छेदात सात वाक्ये होती. पहिले सांगत होते की 1703 च्या वादळाने पहिला मनोरा त्याच्या बांधणाऱ्यासह समूळ नाहीसा केल्यावर त्या खडकावर पुन्हा काही उभे राहील, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. दुसऱ्यात नवे काम हाती घेणारे जॉन रुडयर्ड येत. ते रेशमाचे व्यापारी होते, पण वादळाचा जोर अंगावर घेण्याऐवजी तो बाजूने निसटून जावा, असा विचार त्यांनी केला होता. तिसऱ्यात त्यांनी जहाजे बांधणाऱ्या सुतारांची मदत घेऊन सज्जे आणि नक्षी टाळलेला, वर निमुळता होत जाणारा गुळगुळीत मनोरा उभारल्याची माहिती होती. चौथे वाक्य सांगे की आतली भर दगडाची असली, तरी बाहेरचे कवच लाकडाचे होते. पाचव्यानुसार 1709 पासून पुढची 46 वर्षे एकाही वादळाला तो मनोरा हलवता आला नाही. सहावे ‘मात्र’ने सुरू होत होते: ज्या लाकडाने वादळांना दाद दिली नाही, त्याच लाकडाच्या माथ्यावर रोज रात्री मेणबत्त्या जळत असत. आणि सातव्यात डिसेंबर 1755 मध्ये वरच्या कंदिलाच्या खोलीत आग लागते, वृद्ध रखवालदार बादलीने पाणी फेकत राहतो आणि मनोरा जळून खाक होतो.

‘वादळ’ हा शब्द त्या परिच्छेदात चार वेळा होता. उताऱ्यात इतरत्र तो जवळजवळ नव्हताच. पहिल्याच वाक्यात वादळ आणि विनाश हातात हात घालून उभे होते. मी ‘वादळाने केलेला विनाश’ हे शीर्षक अर्ध्या मिनिटात तेथे लिहून टाकले आणि यादीतून ते खोडले.

पुढची पडझड अधिक शिकण्यासारखी होती. एफ परिच्छेद मी डी आणि ई च्या आधी वाचला, कारण तो लहान होता. त्यात ‘लाट’ हा शब्द पाच वेळा येत होता, म्हणून ‘लाटांना तोंड देणारी रचना’ हे शीर्षक मी त्याला दिले. ई मध्ये चुनखडीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत होता, आणि इंग्रजीत चुनखडीच्या नावातच ‘स्टोन’ दडलेला असतो; शिवाय पोर्टलंड नावाचा दगडही तेथे होता. ‘योग्य दगडाची निवड’ हे शीर्षक त्याच्याकडे गेले. आता डी शिल्लक राहिला. जळालेल्या मनोऱ्यानंतर नवा मनोरा बांधणाऱ्या जॉन स्मीटन यांनी ओक वृक्षाच्या बुंध्याकडे पाहून त्याचा आकार ठरवला, ग्रॅनाइटचे ठोकळे सुतारकामातील सांध्याप्रमाणे एकमेकांत अडकवले, त्यामुळे पाण्याच्या माऱ्याने एकही ठोकळा एकटा सुटून निघू शकत नव्हता, असा तो परिच्छेद होता. त्याला शोभणारे शीर्षक मी आधीच एफ ला देऊन बसले होते. उरलेल्या यादीत पाहता पाहता मी ‘इमारतीबाहेर पोहोचलेला परिणाम’ निवडले, आणि त्याचे समर्थनही स्वतःला दिले: ओक वृक्ष म्हणजे इमारतीबाहेरचीच गोष्ट आहे. आज हे लिहिताना हसू येते, पण घड्याळ चालू असताना मन असले तर्क फार सहज करते. एफ चे खरे शीर्षक, म्हणजे ‘दोष मनोऱ्याचा नव्हता’, हे मी ‘उरलेले’ म्हणून सोडून दिले.

सहापैकी दोन. चारही चुकांच्या मुळाशी एकच कारण होते. चारपैकी तीन थेट शब्दाच्या पुनरावृत्तीने घडल्या होत्या आणि डी ची चूक ही एफ च्या चुकीने जन्माला घातली होती. शीर्षकांच्या प्रश्नात एक चूक बहुतेक वेळा एकटी राहत नाही, कारण चुकीच्या जागी गेलेले शीर्षक कोणाचे तरी हक्काचे असते आणि तो परिच्छेद मग दुसऱ्याचे शीर्षक ओढून घेतो. त्याला अपवाद एवढाच, की चुकीचे निवडलेले शीर्षक कोणाचेच नसेल, तर नुकसान त्या एका परिच्छेदापुरते राहते. सी मध्ये माझे तसेच झाले होते.

त्या संध्याकाळी मी तो उतारा घेऊन माझ्यासोबत तयारी करणाऱ्या मैत्रिणीकडे बसले. उत्तरसूचीत सी चे उत्तर ‘एका धोक्यावर मात, दुसऱ्याकडे दुर्लक्ष’ असे होते आणि ते मला पटत नव्हते.

“हा मनोरा कशाने पडला?” तिने विचारले.

“आगीने.”

“आणि वादळाने त्याचं काय केलं?”

“काही नाही. 46 वर्षं उभा होता.”

“मग तू त्याला वादळाचा विनाश कसा म्हणालीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. ‘वादळ’ चार वेळा आले होते आणि त्यांतील तीन वेळा वाक्याचा अर्थ असा होता की वादळाने काही बिघडवले नाही. विनाश करणारे वादळ फक्त पहिल्या वाक्यात होते आणि तेही अगोदरच्या मनोऱ्याचे. शब्द मी मोजले होते. त्या शब्दांविषयी वाक्य काय म्हणते, हे पाहिलेच नव्हते. प्रश्न तयार करणाऱ्याने नेमके हेच ओळखून शीर्षकात परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याचा वास ठेवला होता. पहिले वाक्य म्हणजेच परिच्छेदाचा विषय, हा दुसरा सर्रास दिला जाणारा सल्लाही येथे उलटला, कारण येथे पहिले वाक्य केवळ मागचा धागा पुढे आणत होते आणि परिच्छेदाचा खरा मोहरा सहाव्या वाक्यातील ‘मात्र’पाशी वळत होता.

मैत्रिणीने मग एक चाचणी सुचवली, जी मी नंतर कायम वापरली. शीर्षक निवडले की परिच्छेदातील किती वाक्ये त्या शीर्षकाच्या बाहेर उघडी पडतात, ते मोजायचे. ‘वादळाने केलेला विनाश’ या छत्रीखाली सातपैकी पहिले अर्धे वाक्य मावते. बाकीची सहा पावसात. ‘एका धोक्यावर मात, दुसऱ्याकडे दुर्लक्ष’ या शीर्षकाखाली दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची वाक्ये पहिल्या भागात बसतात, सहावे आणि सातवे दुसऱ्या भागात, आणि पहिले पार्श्वभूमी म्हणून चालून जाते. विशेष म्हणजे त्या बरोबर शीर्षकात ना वादळ आहे, ना आग, ना लाकूड. परिच्छेदातील एकही ठळक शब्द त्यात नाही.

हीच चाचणी आम्ही बाकीच्या परिच्छेदांना लावली. एफ मध्ये लाटा पाच वेळा होत्या, पण वाक्ये सांगत होती की लाटा आदळल्या की मनोरा हादरू लागला होता, तपासणीत मनोऱ्याचे बांधकाम शाबूत निघाले, खालचा खडकच झिजून पोकळ होत चालला होता, त्यामुळे शेजारच्या खडकावर नवे दीपगृह बांधून 1882 मध्ये ते सुरू केले गेले आणि जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा उभारण्यात आला. लाटांना तोंड देणाऱ्या रचनेविषयी तेथे एकही वाक्य नव्हते. तोंड देण्याची रचना होती डी मध्ये, आणि गंमत अशी की डी मध्ये ‘लाट’ हा शब्द एकदाही आला नव्हता. ‘पाण्याचा मारा’, ‘समुद्राचा जोर’ असे पर्याय वापरले होते. हा योगायोग नसतो. बरोबर परिच्छेदात शीर्षकातील शब्द बदलून ठेवायचे आणि चुकीच्या परिच्छेदात ते जसेच्या तसे पेरायचे, ही या प्रश्नाची नेहमीची वीण आहे.

ई चे प्रकरण थोडे वेगळे होते. स्मीटन यांनी पाण्याखालीही घट्ट होईल असा चुना शोधण्यासाठी प्रयोग केले आणि मातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून तसा चुना मिळतो, हे त्यांच्या ध्यानात आले, अशी सुरुवातीची दोन वाक्ये होती. पुढची चार वाक्ये मात्र दीपगृह सोडून गेली होती: त्या निरीक्षणाचा पुढच्या सिमेंट बनवणाऱ्यांना झालेला उपयोग, 1824 मध्ये जोसेफ अॅस्पडिन यांनी घेतलेले पेटंट, पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते म्हणून त्या सिमेंटला मिळालेले नाव. दगड जागोजागी होता, निवड मात्र कोठेही नव्हती. ‘इमारतीबाहेर पोहोचलेला परिणाम’ हे शीर्षक सहाही वाक्यांना पुरून उरत होते.

यानंतर मी पद्धत बदलली, आणि बदल दोनच होते. पहिला म्हणजे शीर्षकांची यादी आधी वाचणे मी सोडून दिले. ती छापलेली असते आधी, त्यामुळे हे जड गेले. पहिले काही दिवस मी यादीवर चक्क कोरा कागद ठेवत असे. यादी आधी वाचली की डोळे परिच्छेदात त्या शब्दांच्याच शोधात फिरतात आणि शोधणाऱ्याला ते सापडतातच. दुसरा बदल असा की प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर त्याच्या बाजूला मी चार-पाच शब्दांत त्याचे काम लिहू लागले आणि ते मराठीत लिहू लागले. मराठीचा आग्रह भाषाप्रेमापोटी नव्हता. इंग्रजीत टिपण लिहिले, तर परिच्छेदातीलच शब्द उचलले जातात आणि आपण पुन्हा शब्दाला शब्द जुळवू लागतो. मराठीत लिहिताना ते शब्द हाताशी नसतात. अर्थ घेतल्याशिवाय टिपण लिहिताच येत नाही. सी साठी मी नंतर सरावाखातर टिपण लिहिले, ते असे होते: ‘वाऱ्याला पुरला, आगीला नाही.’ हे समोर ठेवून यादीकडे पाहिले, तर वादळाच्या शीर्षकाकडे बोट जातच नाही.

टिपणात मी क्रियापद किंवा नाते येईल, याची काळजी घेत असे. ‘स्मीटनचा मनोरा’ हे टिपण निरुपयोगी आहे, कारण तो डी, ई आणि एफ या तिन्ही परिच्छेदांत आहे. ‘आकार झाडावरून, ठोकळे एकमेकांत अडकवले’ हे टिपण डी शिवाय कोठेही बसत नाही. शीर्षके वाचतानाही हेच लागू पडते. शीर्षकात बहुधा एक शब्द विषयाचा असतो आणि एक शब्द कामाचा: विनाश, निवड, मात, दुर्लक्ष, व्यवस्था, परिणाम. विषयाचा शब्द साऱ्या उताऱ्यात पसरलेला असतो, म्हणून त्याने परिच्छेद वेगळे काढता येत नाहीत. मी तो शब्द पेन्सिलीने हलकेच खोडून उरलेला शब्द वाचू लागले. ‘योग्य दगडाची निवड’मधील दगड खोडला की निवड उरते, आणि मग विचारायचे एवढेच की हा परिच्छेद काही निवडल्याचे सांगतो का.

वेळेचा हिशेब सुरुवातीला बिघडला. उतारा आठशे-नऊशे शब्दांचा असतो आणि त्याच्या साऱ्या प्रश्नांना मिळून वीस मिनिटे हाती असतात. टिपणे लिहून शीर्षके जुळवायला मला प्रथम चौदा मिनिटे लागली, म्हणजे उरलेल्या सहा-सात प्रश्नांना सहा मिनिटे. दोन आठवड्यांनी हा आकडा नऊवर आला. शिवाय एक गोष्ट मी आधी धरली नव्हती: परिच्छेद एकदा नीट वाचून त्याच्या बाजूला टिपण केले असल्यामुळे त्याच उताऱ्याचे पुढचे प्रश्न भराभर सुटत, कारण कोणती माहिती कोठे आहे, हे टिपणेच सांगत. म्हणूनच शीर्षकांचा प्रश्न शेवटी ठेवावा, हा सल्ला मला मानवला नाही. ज्यांना तपशिलाचे प्रश्न सोडवता सोडवता उतारा कळत जातो, त्यांना तो मानवतही असेल.

गुण लगेच सुधारले: सहापैकी पाच, सातपैकी पाच. आणि मग मी नव्या खड्ड्यात पडले. नॉर्वेतील स्वालबार येथील बियाण्यांच्या जागतिक कोठारावर एक उतारा होता. एका परिच्छेदात 2008 मध्ये सुरू झालेल्या या कोठारातून 2015 मध्ये प्रथमच बियाणे परत मागण्यात आले, कारण सीरियातील युद्धामुळे तेथील संशोधन केंद्राला आपल्या संग्रहापर्यंत पोहोचता येत नव्हते, असे सांगितले होते. यादीत ‘बियाणे परत मागण्याचा पहिला प्रसंग’ असे शीर्षक होते. बियाणे, परत मागणे, पहिला, सारे शब्द परिच्छेदात जसेच्या तसे होते. मी मनाशी म्हटले, इतके उघड म्हणजे सापळाच असणार, आणि ‘युद्धाचा शेतीवर परिणाम’ हे शीर्षक दिले. उघड दिसणारेच उत्तर बरोबर होते. परिच्छेदातील सहा वाक्यांपैकी पाच त्या परत मागणीविषयी होती आणि युद्ध एका वाक्यात कारण म्हणून आले होते. शेतीवर झालेल्या परिणामाचे तर नावही नव्हते. छत्रीची चाचणी घेतली असती, तर दहा सेकंदांत हे कळले असते. ती मी घेतली नाही, कारण शब्द जुळला की घाबरायचे, अशी नवी सवय मला लागली होती. शब्द जुळण्याला पुरावा मानणे जेवढे चुकीचे, तेवढेच त्याला गुन्हा मानणेही चुकीचे. तो शब्द परिच्छेदात आहे, एवढेच त्यावरून कळते.

आणखी एका गोष्टीने गुण वाचवले, ती म्हणजे खोडण्याची घाई सोडणे. पूर्वी शीर्षक वापरले की मी ते यादीतून काट मारून नाहीसे करत असे आणि मग ते पुढच्या परिच्छेदासाठी विचारातच येत नसे. डी ची फजिती त्यातूनच झाली होती. आता ज्याविषयी शंका नाही, तेवढेच खोडायचे. जेथे दोन शीर्षके डोक्यात घोळतात, तेथे दोन्ही अंक परिच्छेदाच्या डोक्यावर लिहून पुढे जायचे. एखादे शीर्षक दोन परिच्छेदांच्या डोक्यावर दिसले की त्या जोडीपुरतीच तुलना करायची. सहा परिच्छेद आणि नऊ शीर्षके यांचा गुंता मग दोन परिच्छेद आणि तीन शीर्षकांवर येतो, आणि तेवढा माणसाला झेपतो. कागदावर परीक्षा देणाऱ्यांना एक सूचना जाता जाता करते: चार आणि सहा हे रोमन अंक उत्तरपत्रिकेत उतरवताना उलटेसुलटे होतात. सरावात माझे दोन गुण केवळ त्यापायी गेले आणि तेव्हा मला समजाच्या चुकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

प्रत्यक्ष परीक्षा मी संगणकावर दिली. तेथे शीर्षके ओढून परिच्छेदाच्या वरच्या चौकटीत सोडायची असतात, त्यामुळे रोमन अंकांची भानगड उरली नव्हती. पण परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलीने लिहिण्याची सोयही नव्हती. कच्च्या कामासाठी मिळालेल्या कागदावर मी परिच्छेदांची अक्षरे एकाखाली एक लिहून घेतली आणि त्यांच्यापुढे मराठी टिपणे केली. शीर्षकांचा प्रश्न तिसऱ्या उताऱ्यावर आला. उताऱ्याचा विषय येथे सांगत नाही. परिच्छेद सात होते. पाच पहिल्याच फेरीत बसले. राहिलेल्या दोघांच्या डोक्यावर तीन शीर्षके घुटमळत होती आणि त्यांतील एकात असा शब्द होता, जो त्यांपैकी एका परिच्छेदात मला दुरूनही दिसत होता.

मी तो शब्द मनातल्या मनात खोडला, उरलेला शब्द वाचला आणि माझ्या टिपणाकडे पाहिले. टिपण होते: ‘आधी वाटले ते कारण नव्हते.’ त्या शीर्षकाच्या छत्रीबाहेर परिच्छेदाची शेवटची तीन वाक्ये राहत होती. चार मिनिटे शिल्लक असताना मी ते शीर्षक तेथून ओढून परत यादीत टाकले आणि दुसरे ठेवले. वाचनात मला 7.5 बँड मिळाला. निकालात कोणते उत्तर बरोबर आणि कोणते चूक हे सांगत नाहीत, त्यामुळे तो शेवटचा बदल मला एक गुण देऊन गेला की घेऊन गेला, हे कळायला मार्ग नाही. टिपणांचा तो कागदही परीक्षागृहातच जमा करावा लागला.